एकोणीस पुतळ्या

कामतघरच्या धोंडूबाईने लेक तुळजा जन्मली त्या वर्षापासून दर दसऱ्याला सोन्याची एक पुतळी घेतली आणि माळेत ओवून घेतली. कापडाच्या लूमवर सुताच्या कांड्या भरून बोटं सोलली, पण पुतळी चुकली नाही. सोनं लेकीच्या लग्नाचं, पण ते गावाला कळायला नको? म्हणून ही बया प्रत्येक लग्नात ती माळ स्वतःच्या गळ्यात घालून पुढे बसायची. गरीब घरची चांगली पोरं माळ बघूनच लांब राहिली. सत्त्याहत्तर साली नारपोलीची एक बाई मात्र मुलासाठी धावत आली.

तुळजाने चहा दिला. बाईची नजर धोंडूबाईच्या गळ्यावरून हलेना.

मी शेजारीण, माझं तोंड कुठे गप्प बसतं! विचारलं, "बाय, पोरीचं नाव काय सांगितलं हिनं?"

बाई गडबडली. "नाव न्हाय आठवत. पुतळ्या एकोणीस हायत ना?"

वाटलं, आता धोंडूबाई हिला हाकलते. तर तिने बाईच्या हातावर साखर ठेवली आणि मलाच म्हणाली, "नावाचं काय घेऊन बसलीस? लग्नात बदलतातच की!"