फुगलेल्या शिरांचे दोन खाने

बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात आम्हा तालुक्याच्या डॉक्टरांना एकदा शहाणं करून सोडायचं ठरलं. महाराष्ट्र नवा होता, खात्यांना उत्साह फार होता. मी तेव्हा जळगाव जामोदला होतो. तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण, शेवटी परीक्षा, आणि पहिला येईल त्याच्याकडे जिल्ह्याच्या नव्या तातडी वॉर्डाचा कारभार, असा बेत होता. शिकवायला मोठ्या शहरातल्या कॉलेजातले एक प्राध्यापक आले. त्यांचे बूट इतके चकचकीत होते की वॉर्डात शिरताना ते आधी फरशी बघत आणि मग पेशंट.

त्यांनी फळ्यावर शॉकचा तक्ता काढला. तक्ता चांगलाच होता, हे मला मान्य करावं लागतं. रक्तदाब कोसळला म्हणजे शॉक, पण तो का कोसळला यावरून चार खाने. रक्त किंवा पाणी अंगातून गेलं, तर मानेच्या शिरा सपाट, हातपाय गार. उपाय सलाईन आणि रक्त. हृदयच दमलं, तर शिरा फुगलेल्या, फुप्फुसात पाणी, खरखर. उपाय प्राणवायू, हृदयाला जोर देणारं औषध, पाणी बेतानं. रक्तवाहिन्या सैल पडल्या, जसं जंतुसंसर्गात किंवा मधमाशी चावल्यावर, तर सुरुवातीला हात उलट गरम लागतात. तिथे सलाईन, वाहिन्या आवळणारी औषधं, आणि मधमाशीच्या बाबतीत सगळ्यात आधी अॅड्रिनॅलिन. चौथा खाना अडथळ्याचा. हृदय धड असतं, पण बाहेरून कुणीतरी त्याला दाबून धरलेलं असतं किंवा पुढची वाट बंद असते. शिरा इथेही फुगतात. फुप्फुसं मात्र बहुधा स्वच्छ. उपाय एकच, अडथळा काढा.

आमच्या भागातल्या माणसाला हे सांगायला फळा लागत नाही. विहिरीत पाणी नाही, मोटार जळाली, पाइपात बोळा बसला, की पाट फुटून पाणी रानभर पसरलं? वांग्याची वाडी करणारा कुणीही मोटार जळाली समजून पाइपातला बोळा तसाच ठेवत नाही. पण प्राध्यापकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की परीक्षेत शास्त्रीय भाषा वापरावी.

आमच्यात मेहकरचा एक डॉक्टर होता. घोकंपट्टीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. जेवताना, आंघोळीला जाताना, पान खाताना तो चारही खाने म्हणत असे, आणि मधेच कुणी अडवलं तर पुन्हा पहिल्या खान्यापासून सुरू करी. प्राध्यापकांचा त्याच्यावर भारी जीव जडला. पाठ करणारा विद्यार्थी कोणत्याही मास्तरला आवडतोच, कारण त्याच्या तोंडून स्वतःचाच आवाज ऐकू येतो.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच धाड गावचा एक भाजीवाला वॉर्डात आला होता. चाळिशीचा असेल. महिनाभर बारीक ताप, खोकला, वजन उतरलेलं, आणि दोन दिवसांपासून धाप. रक्तदाब जेमतेम लागत होता. प्राध्यापक खूश झाले. परीक्षेला जिवंत शॉक मिळाला. आम्हाला खाटेभोवती उभं करून त्यांनी विचारलं, प्रकार कोणता?

मेहकरकर पुढे झाला. त्यानं मानेच्या टरारलेल्या शिरा दाखवल्या, एक्स-रेतलं सुरईसारखं फुगलेलं हृदय दाखवलं, आणि ताडकन सांगितलं, हृदय दमलंय. कार्डिओजेनिक. प्राध्यापकांनी मान डोलावली आणि लघवी वाढवून पाणी उतरवणारं इंजेक्शन द्यायला सांगितलं. इंजेक्शन गेलं. थोड्या वेळानं जो रक्तदाब जेमतेम लागत होता तो आणखी खाली आला. मग पुढचा अर्धा तास डोस पुरेसा होता का यावर चर्चा झाली. माणूस खाटेवर राखाडी पडत चालला होता आणि हे डोस मोजत होते. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

मी मागून पुढे सरकून त्याच्या पाठीला नळी लावली. फुप्फुसं स्वच्छ, खरखरीचा पत्ता नाही. छातीवर हृदयाचे ठोके भिंतीपलीकडून यावेत तसे बारीक. मनगट धरलं तर तो श्वास आत घेई तेव्हा नाडी बोटांखालून नाहीशी व्हायची, सोडला की परत यायची. हृदयाच्या पिशवीत पाणी भरलं होतं, बहुतेक क्षयाचं, आणि ते हृदयाला पसरू देत नव्हतं. हृदयात रक्त यायला आधीच तंगी, त्यात यांनी अंगातलं पाणीही काढून घेतलं.

त्याची बायको पायथ्याशी उभी होती. प्राध्यापक पुन्हा तक्त्यावर आले तशी ती म्हणाली, "साहेब, नाव मंग ठरवजा. आधी त्याले पाहा."

मी सलाईन जोरात सोडायला सांगितलं, त्याला उशांवर तिरपं बसवलं आणि पाठीच्या कण्याला वापरतात ती लांब सुई मागितली. हे काम मी हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, असताना एकदाच केलं होतं, पण थांबायला सवड नव्हती. छातीच्या हाडाखालून डाव्या खांद्याच्या रोखानं सुई घातली. गढूळ तांबूस पाणी आलं. कपभर निघालं नसेल तोच नाडी हाताला लागली. त्यानं डोळे उघडून बायकोला विचारलं, गाडा कोणापाशी ठेवला?

मला वाटलं, आता तरी फळा पुसला जाईल. प्राध्यापक म्हणाले, दमलेल्या हृदयाभोवतीही पाणी साठतंच, त्यानं निदान बदलत नाही. आणि मी प्रकार काय ते सांगितलंच नव्हतं, थेट सुई घातली, म्हणून त्या प्रश्नाचे मला गुण नाहीत. मी नापास झालो. मेहकरकर पहिला आला, वॉर्ड त्याला मिळाला.

मी जाताना त्याला बाजूला घेऊन सांगितलं, पाणी पुन्हा भरेल. शिरा फुगल्या आणि नाडी श्वासाबरोबर बुडायला लागली तर परत काढ, क्षयाची औषधं सुरू कर, ते लघवीचं इंजेक्शन मात्र देऊ नको. त्यानं हो हो म्हटलं. पास झालेला माणूस नापासाचं जेवढं ऐकतो तेवढं त्यानं ऐकलं. दुसऱ्याच दिवशी मला जळगाव जामोदला हजर व्हायचं होतं. मी एस्टीत बसलो.

पुढे महिन्याभरानं एका बैठकीत तो भेटला. नवा वॉर्ड, नवी खुर्ची, अंगानंही भरला होता. मी भाजीवाल्याचं विचारलं.

"तो? चौथ्या दिवशी गेला," तो म्हणाला. "शिरा परत फुगल्या. इंजेक्शनं दिली, डोस दुप्पट केला, काही उपेग झाला नाही." मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा मोठेपणानंच. "तू उगीच वाद घालत होतास. कार्डिओजेनिकच होता. नाहीतर मेला कशाला असता?"