पऱ्हाटीच्या काडीनं मोजलेली गाडी

गाडी, म्हणजे फटफटी, घ्यायची होती ताईसाठी, अन् चालवणार होतो मी. हे आधीच सांगून देतो, कारण लोकाले वाटते पोराले शौक आला असंल. शौक होताच, खोटं कायले बोलू. पण खरी गरज ताईची होती. ती सरकारी दवाखान्यात नर्सबाई. सौंसरले बदली होऊन आली, अन् तिच्याकडं सहा गावं आली, लेकराईले सुया टोचाले. बस बोरगावच्या फाट्यावर सोडून देत होती. तिथून पुढं बैलबंडीची वाट, खांद्याले बर्फाचा डबा, डब्यात लशीच्या शिश्या. ताई पोचेपर्यंत बाया वावरात निघून गेलेल्या असत. डॉक्टरसायबानं तिले बोलावून सांगतलं, बाई, वेळेवर पोचणं जमत नसंल तर दिवाळीनंतर तुमची गावं दुसरीले देतो, तुम्ही इथंच पट्टीच्या टेबलावर बसा.

ताईले पट्टीचं टेबल नको होतं. त्या सहा गावातल्या एकूणएक लेकराचं नाव तिले पाठ होतं. तिनं आपल्या साठवलेल्या पैशाची पिशवी माह्या हाती देल्ली अन् म्हणाली, "बाबू, मले गाडीतलं काई समजत नाही. तू पाय."

मले तरी कुठं समजत होतं. पण माहा दोस्त मेकॅनिक होता, पांढुर्ण्याच्या बसस्टँडमागं त्याचं टिनाचं दुकान. शाळेत आम्ही एकाच बेंचावर. मी पहिल्या बसनं त्याच्याकडं गेलो तर तो एका इंजिनाच्या पोटात हात घालून बसला होता.

"आली का सवारी," तो म्हणाला. "काय घेऊन राहिला? राजदरबारातली का दूधवाल्याची?"

मी म्हणलं, "ताईले मागं बसवून नाला ओलांडन अशी पायजे."

तसा त्यानं हात पुसला अन् शिकवणी सुरू केली. मले आजही त्यातलं सगळं आठवते, अन् तेच तर दुखते. तो म्हणाला, पहिली गोष्ट उंची. इंजिनाच्या बुडापासून जमिनीपर्यंत किती जागा आहे ते. पण रिकाम्या गाडीची उंची मोजशील तर मार खाशील. दोघं बसले की गाडी खाली बसते, तेव्हा मोज. "रिकाम्या गाडीवर तुही ताई हवेत बसते का बे?" दुसरी गोष्ट चाल. म्हणजे खड्ड्यात चाक किती वर-खाली जाते. चाल असंल तर खड्डा शॉकप खाते, म्हणजे चाकावरची स्प्रिंगीची नळी, नसंल तर कंबर खाते. तिसरी गोष्ट टायर. समोर सरळ रेघांचं चालते, मागं ठोकळ्याठोकळ्याचं पायजे, गोट्यावर अन् चिखलात पकडाले.

मी त्याच हप्त्यात ताईच्या वाटेवर गेलो. बंडीच्या चाकानं दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या, मधात मातीचा उंच वरंबा. गाडी चाकोरीत चालवावी लागते, मंग पायदान दोन्हीकडं घासते. अन् पुढं नाल्यात एक काळा गोटा, बरोब्बर वाटेत, त्याले टाळाले जागाच नाही. मी वावरातून पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, एक सुकी काडी मोडली अन् त्या गोट्याच्या उंचीएवढी कापली. ठरलं. दोघं बसलेले असताना ही काडी इंजिनाखालून उभी निघाली तर गाडी आपली.

मंग काय, महिनाभर आम्ही दोघं काडी घेऊन गाड्याईखाली लोळून राहिलो. लोक हसत. नव्या शंभर सीसीच्या जपानी गाड्या तेव्हा नुकत्या येऊन राहिल्या होत्या, हलक्या, पेट्रोल पेत नाही, शिवण मशीनसारखा आवाज. मी तर पाहूनच पागल झालो. दुकानदाराले विनवून मागं एक माणूस बसवला अन् काडी घातली. अडली. चांगली दोन बोटं अडली. टायरही बारीक, सायकलीचे भाऊ. आमच्या शाळेतल्या मास्तरची जुनी साडेतीनशे सीसीची पाहिली. काडी निघाली, पण दोस्त म्हणाला, "हे नाल्यात आडवी झाली तर उचलाले बैलजोडी लागते." स्कूटर तर चाकं पाहूनच सोडली.

चाल मोजाची एक युक्ती त्यानं मले शिकवली होती. समोरच्या शॉकपची चकचकीत नळी असते, तिच्यावर सायकलच्या ट्यूबचं कापलेलं कडं चढवायचं अन् खाली सरकवून ठेवायचं. मंग गाडी खड्ड्यातून काढायची. नळी जेवढी आत जाते तेवढं कडं वर सरकते अन् तिथंच राहते. ते मोजायचं. मी त्या कड्याच्या प्रेमातच पडलो. पाहुण्याईच्या गाड्याईलेही कडं चढवून देत होतो.

अन् एक दिवस दोस्ताचा निरोप आला, गाडी भेटली.

जुनी दोन-स्ट्रोक होती, मोठ्या चाकाची, अंगानं सडसडीत. उभी होती तर उंटासारखी. मागं नवंकोरं ठोकळ्याचं टायर. मी काडी काढली. ताई काही सोबत नव्हती. आईनं बजावलं होतं, लोकाच्या गाडीवर पोरीले बसवून पांढुर्ण्यात मिरवाचं नाही, आपली झाली की बसव. म्हणून आम्ही मागच्या सीटवर संत्र्याचं गच्च भरलेलं पोतं बांधलं, मी वर बसलो, अन् दोस्त खाली लोळला.

"निघाली," तो खालून म्हणाला. "बोटभर जागा उरून निघाली."

मी उतरून स्वतः घालून पाहिली. खरंच निघाली. कडं चढवायले गेलो तर समोरच्या नळ्यांवर घड्याघड्याचे काळे रबरी मोजे चढवलेले, नवे.

"हे काढून पाहू ना," मी म्हणलं.

"काढ. मंग धूळ जाऊन तेलाचं सील फाटलं तर मले बोलू नको. तुह्या वाटेसाठीच तर चढवले बे."

माह्या वाटेसाठी चढवले, एवढ्यातच मी पाघळलो. गाडी डांबरी रोडवर पळवून आणली, लोण्यासारखी चालली. गाडी कोणाची होती? त्याच्या जवाईबुवाची, त्याच्या बहिणीच्या नवऱ्याची. घरचीच म्हणून अजून भरवसा. मी ताईची पैशाची पिशवी त्याच्या हाती देल्ली अन् त्याले मिठी मारली. तो जरा आखडून उभा होता, हे मले नंतर आठवलं.

सोमवारी सकाळी ताई पदर खोचून मागं बसली, दोन्ही पाय एकाच बाजूनं, मांडीवर डबा. फाट्यापर्यंत ती गाणं गुणगुणून राहिली होती. बंडीची वाट लागली अन् गुणगुणणं बंद झालं. पहिल्याच खड्ड्यात समोरून ठक्क करून आवाज आला, लोखंडावर लोखंड. मागचा शॉकप आम्हाले वर फेकून देत होता. मोठ्या धक्क्याले मागचं टायर मडगार्डाले घासून खरडत होतं. "हळू चालव रे," ती म्हणाली. मी हळूच चालवत होतो. नाल्यातल्या गोट्यावरून गाडी गेली, इंजिन लागलं नाही, मी मनात खुश झालो, अन् गोट्यावरून उतरताना समोरचं चाक असं आपटलं की ताई बाजूनं घसरून पाण्यात बसली. डबा गोट्यावर. शिश्या फुटल्या, उरलेल्या पाण्यात लोळल्या, बर्फ वाहून गेला.

गावात बाया लेकरं घेऊन बसलेल्या होत्या. ताई ओल्या लुगड्यानं त्याईच्यासमोर उभी राहिली अन् म्हणाली, आज सुई नाही. परत येताना ती गाडीवर बसली नाही. एका म्हाताऱ्याच्या बंडीत कंबर धरून आडवी झाली, मी मागं मागं गाडी ढकलत आलो.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात रबरी मोजे फाडले अन् कडं चढवलं. शेजारच्याले मागं बसवून खड्ड्यातून काढली. कडं दोन बोटं सरकलं अन् ठक्क. दोन बोटं फक्त. मंग नळीचं वरचं नट खोललं तर ते उडून कपाळाजवळून गेलं, एवढी स्प्रिंग दाबलेली. आतून स्प्रिंगीच्या वर ठोकलेला लोखंडी पाइपाचा वीतभर तुकडा निघाला. दुसऱ्या नळीतही तसाच. म्हातारी बसलेली स्प्रिंग पाइप घालून वर उचललेली. उंची आली, पण स्प्रिंगीचे वेढे आधीच एकमेकाले टेकाले आले, दोन बोटांपुढं आत जायले जागाच नाही. मागं शॉकप कडक कराची खाच शेवटच्या नंबरावर फिरवलेली, आतलं तेल गळून गेलेलं, वरून कपड्यानं पुसलेलं. टायर एक नंबर मोठं, तेही उंचीसाठीच. एकूणएक गोष्ट माह्या काडीसाठी केलेली. मी काय मोजतो अन् काय मोजत नाही, हे जगात एकाच माणसाले माहीत होतं.

मी दोन्ही पाइप घेऊन पांढुर्ण्याले गेलो. त्याच्या समोर ठेवले. त्यानं हातातला पाना पुसून खाली ठेवला.

"जवाईची गाडी होती," तो म्हणाला. "तीन महिने दुकानात उभी. बहीण येऊन रडे, की ते मलेच बोलतात, तुह्या भावाच्यानं एक गाडी विकल्या जात नाही. मी काय करू, सांग."

"मले सांगायचं होतं."

"तुले सांगतलं असतं तर तू घेतली असती?"

"नाही."

"मंग?"

"माही ताई नाल्यात पडली बे."

"ते पडन असं नव्हतं वाटलं," तो म्हणाला. "उंची तर तू म्हणला तेवढी होती ना."

त्याच्या तोंडून हे ऐकून मले रागही नाही आला, मी पाइप उचलले. चाल म्हणजे काय हे मले ज्यानं शिकवलं त्यानंच उंचीचं बोलावं. तो जवाईशी बोलतो म्हणाला. जवाईबुवानं निरोप पाठवला, काडी घालून पाहूनच घेतली ना, आता कायचं परत. दोस्तानं पुढं बसस्टँडवर येणं सोडलं, मी दिसलो की तो दुकानाच्या आत जाई. मीही मंग सौंसरच्या मिस्त्रीकडून नव्या स्प्रिंगी टाकून घेतल्या, मागचे शॉकप बदलले, टायर मूळच्या नंबरचं आणलं. आता गाडी मऊ चालते, कडं चांगलं वर सरकते. फक्त दोघं बसलो की काडी निघत नाही, दोन बोटं अडते. त्या नव्या जपानी गाडीएवढीच.

दिवाळीनंतर डॉक्टरसायबानं सहातली चार गावं दुसऱ्या नर्सबाईले देल्ली. दोन ताईकडं राहिली. त्या दोनले मी तिले घेऊन जातो. फाट्यावर डबा ती स्वतः फडक्यानं सीटले बांधते, गाठ दोनदा ओढून पाहते. नाला आला की मी म्हणतो, "बसून राय ताई, आता काई होत नाही, मी सगळं पाहिलं."

"हो," ती म्हणते, अन् उतरते. लुगडं घोट्यावर धरून गोट्यागोट्यानं पलीकडं जाते, अन् मी एकटाच गाडी काढतो.