बरं असेल तर एक दाबा

अ‍ॅप नको, हे भांडण मी ऑफिसात जिंकले होते. भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यावरच्या माळ्यावर आमच्या छोट्या संस्थेचं ऑफिस आहे. खाली लूम सुरू असले की टेबलावरचा चहा थरथरतो, त्यामुळे आम्ही सगळेच जरा ओरडून बोलतो. वज्रेश्वरीच्या पलीकडच्या डोंगरपाड्यांवर गरोदर बायांची दर सोमवारी खबर घ्यायची, असं काम आलं तेव्हा सगळ्यांना अ‍ॅप हवं होतं. मी म्हटलं, त्या बायांच्या घरात बटणांचे फोन आहेत, तेही घरटी एक. तुमचं नोटिफिकेशन काय देवीचा कौल आहे, आपोआप पोचायला?

मग ठरलं ते असं. सोमवारी सकाळी फोनवर एसएमएस जायचा. तो आला की स्टार, पुढे काही आकडे आणि हॅश असा नंबर लावायचा. इंटरनेट नको, पैसे नकोत. पडद्यावर चार ओळींचा मेनू उघडायचा: सगळं बरं असेल तर एक, बाळाची हालचाल कमी वाटली तर दोन, सूज किंवा डोकेदुखी असेल तर तीन, अंगावरून जात असेल तर चार. आकडा दाबून पाठवला की आमच्या कॉम्प्युटरवर त्या बाईच्या नावापुढे रंग यायचा. एक दाबला तर हिरवा. बाकी काही दाबलं तर लाल, आणि आमची नर्स लगेच गाडी घेऊन निघायची. संध्याकाळपर्यंत काहीच आलं नाही तर पिवळा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्यसेविका पाड्यावर जाऊन स्वतः बघून यायची.

अडचणी होत्याच. देवनागरी टाकली तर जुन्या फोनवर नुसते चौकोन दिसत, म्हणून मराठी आम्ही रोमन अक्षरांत लिहिली. आणि हा मेनू थांबत नाही. वाचायला जरा उशीर झाला की मिटतो, पुन्हा पहिल्यापासून नंबर लावा. वेळ वाढवून द्या म्हणून मी आमच्या तंत्रज्ञाशी हुज्जत घातली, तर तो म्हणाला, "मॅडम, वो टाइम कंपनीवाले के हाथ में है, अपने नहीं." तरीही पहिल्या महिन्यापासून एका पाड्यावरून इतकी वेळेवर उत्तरं यायला लागली की मी फुशारून गेले. दर सोमवारी, दुपारच्या आत, सगळा पाडा हिरवा. आमच्या घरात सगळे शिक्षक. पट भरलेला दिसला की वर्ग शिकला असं धरून चालायची आम्हाला खोडच आहे.

त्याच पाड्यावरच्या एका बाईचं बाळ पोटातच गेलं. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. आरोग्यसेविकेचा फोन आला तेव्हा मी आधी म्हटलं, शक्य नाही, ती हिरवी आहे. हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं आणि त्याची मला आजही शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने वज्रेश्वरीला गेले आणि तिथून रिक्षाने पाड्याखालच्या दुकानापर्यंत. बिस्किटं, तेल, विडीकाडी असलं छोटं दुकान. फळीवर चार्जिंगच्या एका लांब पट्टीला लावलेले फोनच फोन होते. कुणाला लाल चिंधी बांधलेली, कुणाला फुटक्या बांगडीचा तुकडा, कुणाला रबर, म्हणजे आपला कुठला ते कळावं. पाड्यावर लाइट येते-जाते आणि रेंज तर नाहीच. म्हणून सकाळी वीटभट्टीला किंवा वळ गावच्या गोडाउनला कामावर जाताना माणसं फोन इथे ठेवतात आणि परतताना नेतात. आमचे एसएमएस ज्या फोनांवर पोचत होते, ते सगळे या फळीवर होते.

दुकानदार दहावी शिकलेला, मध्यम वयाचा माणूस. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी विचारलं, सोमवारचा मेसेज आला की बाया काय करतात? तो सहज म्हणाला, "बाया कशाला, मीच दाबतो. त्यांना ती इंग्रजी अक्षरं येत न्हाय, तवर मेनू जातो. मंग मलाच सांगून ठेवलंय सगल्यांनी, मेसेज आला का तूच जबाब दे, न्हायतर नाव कटल. रेशनचं न्हाय का तसं होत."

"आणि दाबता काय?"

"एक."

"प्रत्येकीला?"

"मंग? पोरीबाळी हायत गावच्या. त्यांच्या पोटाचं मी बाप्या मानूस कसं इचारनार? आनि न इचारता दोन दाबू? दुसऱ्याच्या लेकराचं वंगाल तोंडानं बोलू नये, तर हातानं कसं बोलायचं?"

मला संतापायचं होतं. घरून निघताना कुणावर तरी ओरडायचं हे ठरवूनच निघाले होते. पण तो माणूस दर सोमवारी आपलं गिऱ्हाईक सोडून एकेक फोन उचलत होता आणि पाड्यातल्या प्रत्येक पोटाचं बरं चिंतत होता. मी त्याला रंगांचं सांगितलं. एक म्हणजे हिरवा, काहीच नाही म्हणजे पिवळा आणि पिवळ्याला माणूस जातं. तो फळीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "त्या पोरीची सासू परवा फोन न्यायला आली व्हती. माज्याशी एक शब्द न्हाय बोलली."

चढण चढून मी तिच्या घरी गेले. ती ओटीवर भिंतीला टेकून बसली होती, सासू आत भांडी लावत होती. मी कोण ते सांगितलं. ती रागावली नाही. मला वाटलं होतं ती रागावेल, आणि ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "शनवारपासून पोटात हालत नव्हतं, ताई. आत्याबाय बोलल्या, वाट बघ, सोमवारी फोनवाले इचारतात, कायतरी असंल तर गाडी येते. मंगलवारीबी मी गाडीची वाट बघितली."

फोन तिच्या मांडीवर होता. आता दुकानात ठेवत नाही म्हणाली. तिने तो मला दाखवला. आमचा एसएमएस त्यात होता, पण मेनूचं काही नव्हतं. तो एकदा मिटला की फोनमध्ये काही उरत नाही. तिच्या नावाने काय दाबलं गेलं, ते तिला कुठेच दिसणार नव्हतं.

"तुमच्याकडं माझं काय आलं व्हतं?" तिने विचारलं.

मी सांगितलं. खोटं सांगायला जीभ वळली नाही. सासूच्या हातातलं भांडं थांबलं.

तिने फोन परत मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "आता सोमवारी परत मेसेज येल. मी कुठला आकडा दाबू?"

चारांतला कुठलाच तिचा नव्हता. तुमचं नाव मी आजच काढायला सांगते, असं म्हणायला हवं होतं. ते मी नंतर खाली रेंजमध्ये जाऊन केलंही. पण तेव्हा मला एवढंच सुचलं. "काही दाबू नका," मी म्हटलं. "काही दाबलं नाही की आमचं माणूस येतं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "ह्ये आदी सांगायचं व्हतं," ती म्हणाली.