ताईंचं मुखत्यारपत्र आणि माझी सही

रजिस्ट्रार ऑफिसात आमचा नंबर पुकारला आणि नेमका तेव्हाच फोनवर मेसेज आला. "तुला दिलेलं मुखत्यारपत्र मी रद्द केलंय. कुठंही सही करू नकोस." पोरगी कडेवर, पेन हातात, तसाच मी तो मेसेज दोनदा वाचला.

मेसेज माझ्या मोठ्या नणंदेचा. ताई मेलबर्नला असतात. कर्वेनगरचा त्यांचा फ्लॅट विकायचा होता, पण त्यांना येणं जमत नव्हतं. आमच्या ह्यांना कंपनीतनं रजा मिळत नाही, म्हणून ताई म्हणाल्या, "घरी तूच असतेस, तुझ्याच नावानं करू." मी नववीपर्यंत शिकलेली. पण त्यांनी तिथल्या आपल्या वकिलातीत जाऊन सही केली, कागद कुरिअरनं आला, इथं त्याचा स्टँप भरला, आणि मी एकदम मुखत्यार झाले.

आता समोर खरेदीखत, आणि त्याच्यासोबत माझ्या सहीचं एक घोषणापत्र. त्यात लिहिलेलं, की मुखत्यारपत्र देणारी बाई हयात आहे, तिनं ते रद्द केलेलं नाही, आणि हे खोटं निघालं तर मला शिक्षा.

मी फोन एजंटला दाखवला. तो हळूच म्हणाला, "वहिनी, फोन पर्समध्ये ठेवा. मेसेजला कोण विचारतंय? रद्द करायचा रीतसर कागद कुठाय? सही करा, पाच मिनिटांचं काम."

फ्लॅट घेणारे दादा घड्याळ बघत होते. त्यांची आई शेजारच्या खुर्चीवर. खरेदीखत करणाऱ्या वकीलबाई मागं उभ्या होत्या, मी त्यांना विचारलं, "मॅडम, मेसेज म्हणजे रद्द झालं का?"

त्या म्हणाल्या, "रद्द केल्याचा कागद अजून व्हायचाय. पण त्यांनी तुम्हाला कळवलं आणि तुम्ही वाचलं. आता 'रद्द नाही' असं कुठल्या तोंडानं लिहिणार?"

"झालं," एजंट म्हणाला. "मॅडमनी होत आलेलं काम अडवलं."

मी बाहेर जिन्यात जाऊन ताईंना फोन लावला. पोरगी माझी बांगडी ओढत होती.

"ताई, माझं काय चुकलं?"

"मी तुला फ्लॅट विकायला सांगितला होता. माझा झोपाळा कुणाला विचारून दिलास?"

मग माझ्या लक्षात आलं. फ्लॅट बघायला आले तेव्हा दादांच्या आई, त्या आजी, ताईंच्या शिसवी झोपाळ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "हा राहू दे गं." वडीलधाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? मी हो म्हणाले. आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ते थेट मेलबर्नला पोचवलं.

"ताई, मुखत्यार झाले म्हणजे सगळंच माझ्या हातात, असं वाटलं मला."

"कागदात फ्लॅट आणि पार्किंग एवढंच आहे. वाचता येतं ना तुला?"

"येतं, पण ती भाषा कुठली मराठी?"

तिकडं ताई फसकन हसल्या. तेवढ्यात त्या आजीच जिना उतरून आल्या. ताईंचा चढा आवाज त्यांना फोनबाहेर ऐकू आला होता; त्यांनी माझ्या हातातनं फोन घेतला. "बाई, तुमचा झोपाळा तुम्हाला लखलाभ. एकदा बसले की माझे गुडघे मला उठू देत नाहीत, मला कशाला हवाय तो? मी आपलं बोलायचं म्हणून बोलले."

ताई मला म्हणाल्या, "जा, कर सही. मेसेज विसर."

मी पळत वर गेले. वकीलबाईंनी मान हलवली. "एकदा रद्द केलेलं फोनवर परत जिवंत होत नाही. जोखीम नको. नवीन करून पाठवायला सांगा."

दादा वैतागले, "आमची रजा गेली त्याचं काय?" एजंट तर भिंतीकडे बघून बोलला, "एवढ्या प्रामाणिक बाईला मुखत्यार करू नये." आजींनी त्याला दटावलं, "उद्या हीच सही खोटी निघाली तर घर माझ्या मुलाचं अडकेल, तुझं नाही." मी पेन टेबलावर ठेवलं आणि आम्ही सगळेच खाली चहाला गेलो. बिस्किटं एजंटनंच घेतली, पण पुडा माझ्यापुढं केला नाही.

ताईंना परत वकिलातीत हेलपाटा पडला. नवीन कागदात त्यांनी स्वतः घातलं, की घरातली एकही वस्तू देण्याचा अधिकार हिला नाही. तो आला, स्टँप झाला, मी घोषणापत्र दोनदा वाचलं, सही केली आणि फ्लॅट विकला गेला.

आमचे हे अजून म्हणतात, "त्या दिवशीच केली असतीस तर काय बिघडलं असतं? ताई तर दहा मिनिटांत हो म्हणाली." खरंय त्यांचं. पण नंबर पुकारला तेव्हा त्या हो म्हणतील हे मला कुठं माहीत होतं? तुम्ही तिथं असता, लेकरू कडेवर, मागं रांग खोळंबलेली, तर फोन पर्समध्ये ठेवला असता का?