पाठ केलेली ओळख

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "सुटलीस बाई." काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेलेले. कित्येक वर्षं त्यांचा हात माझ्या खांद्यावर असायचा. सुटले खरी, पण सुटून जायचं कुठं हे कोणी सांगितलं नाही. देवघरात बसले की तोंडात जप आणि कान आत्याबाईंच्या रिकाम्या खोलीकडे. एक दिवस चिडून देवाला म्हटलं, हातातलं काम काढून घेतलंस, आता दुसरं दे, नाहीतर ही पूजा तुझी तूच करून घे. देवाला असं बोलू नये. मी बोलले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या ह्यांनी बातमी आणली, की जालन्यात गरिबांच्या डोळ्यांची ऑपरेशनं करणाऱ्या एका संस्थेला स्वयंसेवक हवे आहेत. हे शाळामास्तर. त्यांनी मला ओळखीचं भाषणच तयार करून दिलं आणि बदनापूरहून रेल्वेत बसल्यापासून मी ते घोकत गेले. "मानवसेवा हीच ईश्वरसेवा" हे त्यातलं मुख्य वाक्य.

संस्थेच्या हॉलमध्ये आम्ही सतरंजीवर गोल बसलो. नवीन लोकांना तयार करण्याचं काम एका निवृत्त नर्सबाईंकडे होतं. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांनी आधीच सांगितलं, "नाव, गाव, कोणते दिवस येता येईल, कोणतं काम जमणार न्हाई आणि कशासाठी आलात, एवढं सांगा. चांगलं दिसायसाठी बोलू नका. खरं कळलं तरच तुम्हाला कुठं ठेवायचं ते मला कळतं." तरी पहिल्या तिघांनी ओळीने ईश्वरसेवाच सांगितली. माझं भाषण माझ्याआधीच संपलं! खरं सांगावं तर भीती वाटत होती. स्वतःचं दुःख विसरायला आलेली बाई कोण ठेवून घेईल? आणि नाही म्हणाल्या तर पुन्हा त्याच गप्प घरात जायचं.

माझ्या शेजारी केदारखेड्याकडची एक धनगरबाई बसली होती. तिची माझी ओळख ना पाळख. तिची पाळी आली तशी पदर सारखा करून ती म्हणाली, "मला घरी करमून न्हाई राह्यलं. मेंढरं इकली, लेकरं आपापल्या कामाला लागली. माणसं लागतेत मला, म्हणून आले. बाजाराचा दिवस सोडून कवाबी येईन. पण रगत पाह्यलं की भोवळ येती." कोणी हसलं नाही. सिस्टर म्हणाल्या, "बराबर. मंग तुम्ही दाराशी. खेड्यातून आलेली माणसं बावरतेत, त्यांना बसवायचं, पाणी द्यायचं, बोलायचं." काम तिथल्या तिथे ठरलंसुद्धा. ती बाई माझ्याआधी बसली नसती तर मी तेच पाठ केलेलं बोलले असते. तिला तिथे देवाने बसवलं की योगायोगाने, यावर मी वाद घालत नाही.

मी म्हणाले, "माझ्या सासूबाई आंधळ्या होत्या. त्या गेल्या आणि माझे हात रिकामे झाले. पुण्यासाठी नाही आले, मला कुणाचं तरी करायची सवय आहे."

"किती दिवस झाले?"

"वर्ष व्हायचंय."

"रडू येतं?"

"येतं." मनात म्हटलं, संपलं आता.

सिस्टर म्हणाल्या, "या. पण पहिले काही महिने पेशंटजवळ एकटीनं बसायचं न्हाई, जोडीनं बसायचं. भरून आलं तर जोडीदारणीला सांगून बाहेर जायचं. अन् इथली म्हातारी तुमची सासू न्हाई, तिला तिच्या नावानं ओळखायचं." मग सगळ्यांना नेम सांगितले. पट्टीला हात लावायचा नाही, पेशंटला वाकू द्यायचं नाही, डोळा चोळू द्यायचा नाही. आपल्या मनाने औषध द्यायचं नाही, आणि "दिसेलच" असा शब्द कुणाला द्यायचा नाही. ते डॉक्टरांनी सांगायचं.

शेवटी त्या आम्हाला वॉर्डात घेऊन गेल्या. एक आजी एका डोळ्याला पट्टी असताना उठायला पाहत होत्या, दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू. मी सवयीने पुढे होऊन सरळ त्यांचा हात उचलून माझ्या खांद्यावर ठेवला. त्या केवढ्या दचकल्या! "कोण हाय?" सिस्टर हळूच म्हणाल्या, "आधी बोला, मंग विचारा, मंग हात." आत्याबाईंना माझी चाहूल ओळखीची होती. यांना मी परकी होते.

मी दोन पावलं मागे झाले. नाव सांगितलं, गाव सांगितलं. "आजी, आज पहिलाच दिवस आहे माझा. हात देऊ का?"

आजींनी थोडा विचार केला आणि आपणहून हात पुढे केला. माझा हात चाचपून म्हणाल्या, "थंडगार पडलाय की गं. भिऊ नको. चल, मी हाय."

दिसत त्यांना नव्हतं आणि धीर त्या मला देत होत्या. फार दिवसांनी देवाला नमस्कार करावासा वाटला. हात मोकळे नव्हते, म्हणून मनातच केला.