शालनचा जुलै

जूनमध्ये शालनच्या भावाचा फोन आला. "ताई गेल्या, सर." मी फोन ठेवला आणि उगाच कपाट उघडून तिचा जुना अर्ज शोधत बसलो. रडू नंतर आलं.

शिरूर कासारजवळच्या खेड्यातली ही मुलगी तेव्हा बीडला कॉलेजात होती. शहरातल्या आमच्या आकाशनिरीक्षण मंडळाला स्वयंसेवक हवे होते आणि अट एकच, स्वतः केलेलं निरीक्षण लिहून पाठवा. मी मंडळाचा चिटणीस. बाकीच्यांनी पाठ्यपुस्तकं उतरवली होती. शालनने लिहिलं होतं, "माझ्याकडे दुर्बीण नाही. गावच्या दूध संस्थेचं लिटरचं माप आहे." दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेलेली, संस्था बंद, वडील संस्थेचे सचिव. म्हणून रिकामं माप आणि भिंतीवरचं घड्याळ तिच्या हाती आलं. ताटात पाणी ओतून तिने ओटा सपाट आहे का पाहिलं... ते पाणी मग शेळीला पाजलं, हेही लिहिलं होतं. मापाची सावली पश्चिमेला आणि पूर्वेला सारखीच लांब कधी पडते ते टिपून तिने मधली वेळ काढली. मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस, असे दोन दिवस सूर्य अगदी डोक्यावर आला आणि मापाची सावली नाहीशी झाली. मेमध्ये बारा पंचवीसला, जुलैत बारा पस्तीसला.

दहा मिनिटांचा फरक पाहून मी शहाणपणा केला. "घड्याळ तपासून पुन्हा अर्ज करावा," असं पोस्टकार्ड टाकलं. चौथ्या दिवशी ती गावाहून एसटीने आली, चादरीत गुंडाळलेलं घड्याळ घेऊन.

"आठ दिवस ठिवून बघा, सर. रोज रेडिओवर लावलेलं हाय. चुकलं तर अर्ज फाडा."

घड्याळ चुकलं नाही. मी खजील झालो.

"मग सूर्यच चुकतो काय, सर?" घड्याळ न्यायला आली तेव्हा तिने विचारलं. आम्ही दोघांनी मिळून पुस्तकं उपसली. पृथ्वीचा आस कललेला, कक्षा किंचित लांबट, त्यामुळे सूर्याची दुपार वर्षभर घड्याळाच्या मागेपुढे सरकते. मे आणि जुलैच्या त्या दोन दिवसांमध्ये फरक बरोबर दहा मिनिटांचा. त्याच दिवशी तिचं नाव यादीत पहिलं लिहिलं. पुढे पंचवीस वर्षं तिने शाळाशाळांतून सावल्या मोजून घेतल्या, आणि मला मात्र शेवटपर्यंत "घड्याळ तपासलं का, सर?" म्हणून चिडवलं.

संस्था कायमची मोडली तेव्हा ते माप तिने मला आणून दिलं. जूनमध्ये कपाटात सापडलेल्या त्या अर्जाचा शेवट मी या वेळी नीट वाचला. "जुलैतला हा दिवस एरवी ढगांत जातो. यंदा पाऊस नाही म्हणून दिसला. असं निरीक्षण पुन्हा करायला मिळू नये."

परवा जुलैतला तो दिवस आला. मी माप आदल्या संध्याकाळीच गच्चीवर नेऊन ठेवलं होतं; दुपारी छत्री घेऊन शेजारी उभा राहिलो. बारा पस्तीसला ते काठोकाठ भरलं होतं.