भाऊंचा हिरवा शर्ट

देवासच्या फ्लेक्सच्या दुकानात पीयूष जगदाळे दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे उजळवी. नगरसेवकांच्या गालावरचे डाग पुसायचे, वाढदिवसाच्या बाळाला मुकुट चढवायचा, मेलेल्या आजोबांना हसतं करायचं. स्वतःच्या घरातलं मात्र त्याला काहीच सांधता आलं नव्हतं. बायको शिखा मुलीला, मधुवंतीला, घेऊन धारला माहेरी गेली, तिथंच तिनं मांडूच्या रस्त्यावर भोजनालय चालवणाऱ्या चिरागशी दुसरं लग्न केलं. भेटीगाठी आधी लांबल्या, मग आटल्या. उरला तो मोबाइलवरचा ठोकळ्यांचा खेळ. रविवारी दुपारी मधुवंती आईच्या फोनवरून त्यात यायची, हाही यायचा, आणि दोघं मिळून चौकोनी मातीत चौकोनी घर बांधायची.

त्या खेळातलं त्याचं सोंग, म्हणजे स्किन, त्यानंच रंगवलं होतं. स्वतःसारख्याच मिशा, हनुवटीवरचा तीळ, लाल शर्ट. त्याची एक प्रत मधुवंतीकडंही होती.

जगदाळ्यांच्या घरात बापाला भाऊ म्हणत. पीयूषचे आजे संताजी आपल्या बापाला म्हणत, पीयूष म्हणे, आणि बोबडं बोलायची तेव्हापासून मधुवंतीही म्हणे. त्यामुळे तिचा निरोप आला तेव्हा त्याला शंका यायचं कारणच नव्हतं.

“ऐका ना, भाऊंच्या स्किनचा शर्ट हिरवा करून द्या. चेहरा वैसा ही. और वो लकीरें मत मिटाना, फ्लॅट दिखता है फिर. फाइल माझ्याकडं पाठवा.”

त्यानं तो निरोप पुन्हा ऐकला. भाऊंच्या! किती दिवसांत तिनं हा शब्द उच्चारला नव्हता. अलीकडं नुसतं ‘हॅलो’ आणि ‘ऐका ना’ चाले.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं फाइल उघडली. चौसष्ट ठिपके रुंद, चौसष्ट उंच. सोललेल्या माणसासारखा तो पसरलेला: डोकं एकीकडे, छाती, पाठ, हात, पाय उलगडून सपाट मांडलेले. लाल शर्ट खरं म्हणजे एकच लाल नव्हता. खांद्यावर फिकट, पोटाशी मधला, काखेखाली आणि बटणपट्टीलगत काळपट. त्या गडद रेघांवरच कापड कापडासारखं दिसे. रंगाची बादली ओतली की तिन्ही लाल एका हिरव्यात बुडतात आणि शर्टाचा पत्रा होतो. पहिल्या खेपेला त्यानं तसंच केलं होतं, आणि मधुवंती हसून लोळली होती.

आता त्यानं फक्त शर्टाचे ठिपके निवडले: छाती, पाठ, कुशी, दोन्ही बाह्या, वरच्या थरातली कॉलर. पंजे वगळले, कारण कातडीचा रंगही तांबूसच. सगळी फाइल एकदम फिरवली तर माणूस सरडा होतो. मग रंगछटेची पट्टी तेवढी सरकवली, उजेड-अंधाराला हात लावला नाही. लाल केशरी झाला, पिवळा झाला, हिरव्यावर थांबला. फिकट तिथं फिकट, गडद तिथं गडद. रेघा जागच्या जागी.

फाइल पीएनजीत साठवून त्यानं तिला पाठवली आणि स्वतःच्या खात्यावरही चढवली.

रविवारी तो खेळात शिरला तेव्हा अर्ध्या बांधलेल्या घरापाशी मधुवंती उभी होती. तिच्या शेजारी तोच उभा होता. त्याच मिशा, तोच तीळ, हिरवा शर्ट.

“अरे!” मधुवंती ओरडली. “तुम्हीपण घातला? तो तर भाऊंसाठी होता.”

“भाऊ मीच ना गं.”

माइकमधून पंख्याची घरघर ऐकू आली. मागं कुठंतरी भांडी वाजली.

“मम्मी म्हणते, एका घरात भाऊ एकच असतो.” मग घाईनं, “तुम्ही दुसऱ्या घरात आहात ना.”

“पण चेहरा माझा कशाला लावला त्याला?”

“तो तर मुझे पहले से पसंद है.”

हिरवा शर्ट दोनदा उड्या मारून पुढं आला. “भिया, नमस्कार,” चिरागचा मनमोकळा आवाज आला. “शेड तो गजब निकाला आपने. मुझसे तो सब चपटा हो जाता.”

त्या आवाजात खोट नव्हती. शिवी हासडायला जागा राहिली नाही.

“अब लांबून दोघं सारखे दिसतात,” मधुवंती कुरकुरली. “तुम्ही बदला ना. लाल नको पण, लाल भाऊंचा जुना आहे. बोर झालं की ते तो घालतील.”

पीयूष खेळातून बाहेर आला. फाइल उघडली. शर्टाचे तेच ठिपके निवडले आणि या खेपेला रंगछटा न फिरवता रंगाची तीव्रता शून्यावर ओढली. हिरवा निघून गेला. राखाडीची तीन अंगं उरली: फिकट, मधली, काळपट. रेघ एकही हलली नाही.

तो परतला तेव्हा ती दोघं छपराला लागली होती.

“हां, अब ठीक,” मधुवंती वरून म्हणाली. “आता कळतं कोण कोण ते.” आणि जरा थांबून, “ऐका ना, खालून दगड आणून देता?”

तो दगड आणायला गेला.